हिरव्या गोळीतली मोहरी

रत्नागिरीची मावशी सुरतला आली होती, तेव्हा मुलांच्या आग्रहाखातर आम्ही तिला वेसू भागातल्या एका हॉटेलात सुशी खायला नेलं. ताटली आली. अ‍ॅव्होकाडो, काकडी आणि क्रीम चीज भरलेले भाताचे रोल, सोया सॉसची वाटी आणि कोपऱ्यात बोराएवढी हिरवी गोळी. मावशीनं ती चटणी असेल असं समजून बोटावर घेतली आणि जिभेला लावली. एक क्षण काहीच झालं नाही. मग झणका एकदम नाकात चढला, डोळ्यांना पाणी आलं. पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "अगं, ही तर फेसलेली मोहरी!" वाढणारा मुलगा शेजारीच उभा होता. तो अदबीनं म्हणाला, "ना मासी, आ तो वसाबी छे. जापानथी आवे छे."

त्या संध्याकाळपासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचली, दोन स्वयंपाकघरांत उभी राहिले, घरी वाट्या मांडून पाहिल्या. उत्तर आधीच सांगते: मावशी बरीचशी बरोबर होती. सुरतेत सुशीबरोबर जी हिरवी पेस्ट मिळते ती जवळजवळ नेहमीच हॉर्सरॅडिश नावाच्या पांढऱ्या मुळाची पूड, मोहरीची पूड, थोडा स्टार्च आणि हिरवा रंग यांची असते. वसाबी त्यात बहुधा नसतो, असला तर नावापुरता. हे फक्त सुरतेचं किंवा भारताचं नाही. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी हेच आहे, आणि जपानातल्या स्वस्त दुकानांतही पुष्कळदा हेच आहे.

तरीही "वसाबी नकली असतो" एवढं म्हणून हा विषय संपवणं मला पटत नाही. नकली म्हणजे काय, ते कुठून आलं, ओळखायचं कसं आणि ते कुणाला माहीत असायला हवं, यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. सुरतेत तर त्याला एक असा पैलू आहे, जो टोकियोत किंवा न्यूयॉर्कमध्ये कुणाच्या मनातही येणार नाही.

आधी खरा वसाबी. हे मोहरीच्याच कुळातलं झाड. कोबी, मुळा, मोहरी यांचं भावंड. गोल, हृदयाच्या आकाराची पानं, लांब देठ आणि त्याखाली गाठीगाठींचं, बोटापेक्षा जाड हिरवट खोड. किसतात ते हे खोड. जपानच्या डोंगरांत ते झऱ्याच्या काठी आपोआप उगवायचं. शिझुओकाजवळच्या उतोगी नावाच्या गावात सुमारे ४०० वर्षांपूर्वी त्याची मुद्दाम लागवड सुरू झाली असं तिथे सांगतात. उतारावर दगडगोट्यांचे वाफे पायऱ्यांसारखे रचायचे आणि त्यांतून झऱ्याचं पाणी अखंड वाहतं ठेवायचं, ही तिथली पद्धत. शिझुओकाच्या या पारंपरिक शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१८ मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

पाणी वाहतं हवं, स्वच्छ हवं आणि गार हवं, साधारण १२ ते १५ अंशांचं. सुरतेत थंडीतल्या एखाद्या पहाटे जेवढा गारवा येतो, तेवढा या झाडाला बाराही महिने पाण्यात लागतो. वर सावली हवी. पाणी तापलं की खोड सडतं. एवढं सांभाळून खोड किसण्याजोगं व्हायला दीड ते दोन वर्षं जातात. उसाला लागतो त्याहून जास्त काळ, आणि हाती येतं ते काय, तर झाडामागे बोटभर खोड. म्हणून ते महाग आहे, आणि ही महागाई कुणी मुद्दाम केलेली नाही.

आता सुरतेतल्या ताटलीचा हिशेब करून पाहू. ताज्या वसाबीचा घाऊक भाव किलोला १६० डॉलरच्या आसपास असल्याचं काही वर्षांपूर्वी छापून आलं होतं. तोच धरू आणि डॉलर ८५ रुपयांचा मानू. किलोला १३,६०० रुपये झाले. एका ताटलीला पाच ग्रॅम लागतो म्हटलं तर ६८ रुपये. विमानाचं भाडं, आयातकर, वाटेतली नासाडी, सोलण्यात आणि खुडण्यात जाणारा भाग हे सगळं यावर. तयार मिश्रणाची पूड किलोला हजार रुपयांची धरली आणि पाणी घातल्यावर ती दुप्पट झाली, तर त्याच पाच ग्रॅम पेस्टचे अडीच रुपये पडतात. चार-पाचशे रुपयांच्या शाकाहारी सुशीच्या ताटलीत हॉटेलवाला कोणती पेस्ट ठेवेल, याचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. खरा वसाबी ठेवायचा तर तो ताटलीच्या किमतीत मावणार नाही, त्याची किंमत वेगळी लावावी लागेल. जिथे तो खरोखर मिळतो तिथे तो मेन्यूत पुष्कळदा वेगळा लिहिलेला असतो, आणि तसाच असायला हवा.

पैशापेक्षाही मोठी अडचण वेळेची आहे, आणि ती समजायला फेसलेल्या मोहरीइतका चांगला दाखला नाही.

आपल्याकडे कोकणात पिकलेल्या आंब्याचं रायतं करतात, लाल भोपळ्याचं भरीत करतात, तेव्हा मोहरी फेसून घालतात. रायतं या शब्दातच राई आहे. कोरडी मोहरी दाताखाली चावली तर आधी नुसती कडवट लागते. तीच पाट्यावर थोड्या गार पाण्याचा हबका मारत वाटली की पांढरट फेस येतो आणि वाटणाऱ्याच्या नाकात झणका जातो. मोहरी 'चढली' म्हणतात ती इथे. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा एक पदार्थ असतो. साखरेला बांधलेलं गंधकयुक्त द्रव्य, त्याला स्वतःला झणका नाही. शेजारच्याच पेशींत एक विकर असतं. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोन्ही एकत्र येतात, बंध सुटतो आणि अलाइल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारं तेल तयार होतं. झणका तो त्याचा. ते उडतं म्हणून नाकात जातं. मिरचीचा तिखटपणा उडत नाही, म्हणून तो जिभेवर बसून राहतो. मोहरीचा ठसका चढतो तसाच उतरतो, मिरचीचा जाळ रेंगाळतो.

वसाबीच्या खोडात हेच सिनिग्रिन आहे. हॉर्सरॅडिशच्या मुळात हेच आहे. आपल्या राईत हेच आहे. तिघांचा मुख्य झणका एकाच तेलाचा आहे. मावशीच्या जिभेनं आणि नाकानं जे ओळखलं ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात बसणारं होतं. वसाबीऐवजी हॉर्सरॅडिश चालून गेलं ते याचमुळे. दुसरं काहीही घातलं असतं तर पहिल्याच घासाला पकडलं गेलं असतं.

मग वेगळं काय? वसाबीत या मुख्य तेलासोबत त्याची आणखी काही भावंडं थोड्या प्रमाणात असतात आणि त्यांमुळे त्याला ओल्या गवतासारखा, हिरवा, किंचित गोडसर वास येतो. हॉर्सरॅडिशमध्ये दुसरीच भावंडं आहेत, म्हणून त्याला मुळ्यासारखा, मातकट उग्र वास. खरा वसाबी झटकन चढतो, झटकन उतरतो आणि मागे गोडवा राहतो. पेस्टचा ठसका जास्त धारदार असतो आणि तिच्या मागे फार काही उरत नाही. हा फरक वर्णनात जेवढा मोठा वाटतो तेवढा तो सोया सॉसमध्ये कालवल्यावर राहत नाही. सोया सॉसमध्ये हिरवा गोळा विरघळवून खायची आपल्याकडे सवय पडली आहे, त्यात तर खरा वसाबीसुद्धा वाया जाईल.

वेळेची अडचण अशी की फेसलेल्या मोहरीचा झणका जसा उघडी ठेवली की उतरतो, तसा किसलेल्या वसाबीचाही उतरतो, आणि फार लवकर. किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याची खरी मजा गेलेली असते. म्हणून जपानी आचारी शार्कच्या कातडीनं मढवलेल्या पाटीवर खोड गोल गोल, हलक्या हातानं फिरवतो आणि ताटलीपुरताच किसतो. खरा वसाबी आदल्या दिवशी करून डब्यात ठेवता येत नाही. ज्या ताटलीत बर्फासारखी स्थिर, साच्यातून काढलेल्या पानाच्या आकाराची हिरवी गोळी येते, ती त्या क्षणी किसलेली नाही हे नुसतं पाहूनच कळतं.

आता त्या पांढऱ्या मुळाकडे वळू. हॉर्सरॅडिश हे युरोपातलं आणि पश्चिम आशियातलं झाड. जमिनीत खोलवर जाणारं, जाड, पांढरं सोटमूळ. इंग्रज, जर्मन, पोलिश लोक ते भाजलेल्या मांसाबरोबर किसून खातात, ज्यू लोक पेसाख सणाच्या ताटात कडू पदार्थ म्हणून ठेवतात. जपानात ते गेलं तेव्हा त्याला 'सेइयो वासाबी' म्हणजे पाश्चिमात्य वसाबी असं नाव पडलं, आणि खऱ्या झाडाला वेगळं ओळखायला 'होन वासाबी' म्हणावं लागलं. होन म्हणजे मूळचा, अस्सल. नावातच कबुली आहे. जपाननं हा पर्याय लपवला नव्हता, त्याला वेगळं नाव दिलं होतं.

हॉर्सरॅडिश होक्काइडोसारख्या थंड भागात साध्या शेतात पिकतं, त्याला झरा लागत नाही, वाळवून दळता येतं. त्यातून पुडीचा वसाबी निघाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पेस्टच्या ट्यूब जपानी घरांत पोचल्या आणि वसाबी रोजच्या फ्रिजमधली वस्तू झाली. सुशी जगभर गेली ती ही पूड आणि ही ट्यूब घेऊन. अमेरिकेतल्या, युरोपातल्या, मुंबईतल्या आणि मग सुरतेतल्या ग्राहकानं वसाबी म्हणून पहिल्यांदा चाखली ती हीच. त्यामुळे आज अनेकांना खऱ्या वसाबीची चव दिली तर ती फिकी वाटते. हे मला खटकतं. पर्यायानं मूळ वस्तूची जागा घेतली असं नव्हे, तर मूळ वस्तू काय असते ही ओळखच पर्यायानं ठरवली.

जपानमध्ये ट्यूबवरच्या शब्दांना शिस्त आहे. तिथल्या प्रक्रिया उद्योगाच्या संघटनेचा नियम असा की एकूण वसाबीत खरा वसाबी निम्मा किंवा जास्त असेल तरच 'होन वासाबी वापरलेला' असं लिहायचं. निम्म्याहून कमी असेल तर 'होन वासाबी घातलेला'. दोन शब्दांत एवढा फरक. आपण जपानी अक्षरं वाचू शकत नाही म्हणून दोन्ही ट्यूब आपल्याला सारख्याच दिसतात. शिवाय 'खरा' वसाबी म्हणजे नेहमी ते महाग खोडच असतं असं नाही. ट्यूबमध्ये बारीक खोडं आणि देठही वाटले जातात. ते वसाबीचंच झाड, पण पाटीवर किसायच्या जातीचं नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत घटक लिहिलेले असावेच लागतात, आणि वजनाच्या उतरत्या क्रमानं. सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. या एका नियमानं अर्धं काम होतं. एका स्वयंपाकघरात मला पुडीचं मोठं पाकीट उलटून पाहू दिलं. क्रम असा होता: हॉर्सरॅडिश, मोहरी, मक्याचा स्टार्च, आणि शेवटी रंग. वसाबी हा शब्द पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत, मागच्या यादीत कुठेच नाही. दुसऱ्या एका ट्यूबवर हॉर्सरॅडिश पहिलं, मग लॅक्टोज, तेल, सॉर्बिटॉल, मीठ, आणि त्याच्या बऱ्याच खाली वसाबी, त्याच्याही खाली हळद आणि रंग. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. दूध न खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्यावरून ते कळणार नाही.

मोहरी कशाला घालतात? मुख्यतः स्वस्त आणि जोरदार म्हणून. पण दुसरंही कारण आहे. हॉर्सरॅडिश वाळवताना आणि दळताना त्याचं उडणारं तेल पुष्कळसं निघून जातं आणि विकरही दुबळं होतं. मोहरीची पूड ते विकर ताज्या जोरात आणून देते. म्हणून गार पाणी पडताच पेस्ट चढते. त्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यानं पूड मळताना जे केलं ते बघून मला मावशीच आठवली. पुडीच्या जवळपास बरोबरीनं गार पाणी, पटापट घोटणं, मग वाटी ताटलीवर उपडी घालून दहा मिनिटं झाकून ठेवणं. गरम पाणी का नाही विचारलं तर तो म्हणाला, "तेज निकल जाता है." आमच्याकडे मोहरी फेसताना मिक्सर तापला तर ती कडू होते आणि चढत नाही, असंच म्हणतात. विकर उष्णतेनं मरतं, हे दोघांनाही हातानं माहीत आहे. आंबटाचंही तसंच. लिंबू किंवा व्हिनेगर आधी घातलं तर झणका तयारच होत नाही. झणका आल्यावर घातलं तर तो टिकायला मदत होते.

रंगाची गोष्ट मी घरी तपासली, आणि ती कुणालाही करता येईल. वाटीत चमचाभर पेस्ट चार चमचे गार पाण्यात ढवळली, थोडा वेळ निवळू दिली आणि वरचं पाणी दुसऱ्या वाटीत ओतलं. पाणी स्वच्छ, चकचकीत हिरवं. पानांतला हिरवा रंग पाण्यात असा विरघळत नाही. कोथिंबीर वाटून पाण्यात कालवली तर पाणी गढूळ हिरवं दिसतं, पण गाळलं की बराचसा रंग चोथ्याबरोबर वर राहतो. मग गाळणीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली, तळापासून दोन बोटं वर त्या हिरव्या पाण्याचा ठिपका दिला, वाळवला, पुन्हा दिला, आणि पट्टीचं टोक चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात उभं केलं. ठिपका पाण्यात बुडू द्यायचा नाही. पाणी वर चढलं तसा ठिपका ताणला गेला आणि एका हिरव्यातून दोन डाग वेगळे झाले, एक पिवळा आणि एक निळा. टारट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू. दोन्ही भारतात ठराविक पदार्थांत मर्यादेत वापरायला परवानगी असलेले रंग, पाकिटावर आयएनएस १०२ आणि १३३ या आकड्यांनी लिहिलेले. शाळेतल्या शाईच्या प्रयोगासारखंच.

पण या प्रयोगाचा अर्थ ताणू नये. त्यातून एवढंच कळतं की रंग वरून घातला आहे. काही ट्यूबमध्ये गार्डेनियाच्या फळाचा किंवा स्पिरुलिनाचा रंग असतो, तोही पाण्यात उतरतो. खरा वसाबी असलेल्या ट्यूबमध्येही रंग घातलेला असू शकतो, कारण वाटून ठेवलेला वसाबी काही दिवसांत मळकट होतो. उलट रंग नसलेली पेस्ट म्हणजे वसाबी असंही नाही. ताजा किसलेला वसाबी फिकट, राखाडीकडे झुकणारा हिरवा दिसतो, एकसारखा नसतो, त्यात बारीक तंतू आणि कण असतात, बोटावर चिरडला तर ओलसर लागतो. पेस्ट पोपटी, गुळगुळीत, कणकेसारखी. डोळ्यानं एवढं ओळखता येतं. खात्रीनं सांगायचं तर प्रयोगशाळाच हवी. तिथे कोणती भावंडं तेलात आहेत ते मोजतात आणि हॉर्सरॅडिशचं वेगळेपण लगेच उघडं पडतं. ताटलीवर बसून सगळ्यात खात्रीचा उपाय साधा आहे: खोड दाखवा म्हणायचं. खरा वसाबी देणारं हॉटेल खोड आनंदानं दाखवतं.

आता सुरतेतला तो पैलू. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल मी कुठे वाचलेलं नाही.

सुरतेत जैन ग्राहक मोठा आहे. त्यामुळे इथे सुशीच्या मेन्यूतही जैन पर्याय असतात. कांदा नाही, लसूण नाही, गाजर नाही, आल्याचे गुलाबी काप नाहीत. कंदमूळ वर्ज्य म्हणून हे सगळं काळजीनं काढलेलं असतं. आणि त्याच ताटलीच्या कोपऱ्यात हिरवी गोळी तशीच असते. तिच्या पाकिटावरचा पहिला घटक हॉर्सरॅडिश, म्हणजे जमिनीतून उपटून काढलेलं सोटमूळ. मुळा चालत नसेल तर त्याच्या चुलतभावाचं हे मूळ कसं चालेल? गोळी हिरवी आहे, नाव जपानी आहे, म्हणून ती कुठल्या तरी पानाची चटणी असावी असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. आचाऱ्यानंही. मी विचारलं तेव्हा तो खरोखर चपापला. तो फसवत नव्हता, त्याला हॉर्सरॅडिश म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

खरा वसाबी असता तर प्रश्न वेगळा झाला असता. त्याचं खोड गोट्यांच्या वाफ्यात वर वर वाढतं, मुळं खाली असतात. पण आलं आणि हळदही वनस्पतिशास्त्राप्रमाणे खोडच आहेत आणि ओलं आलं जैन घरांत वर्ज्य आहे. तेव्हा वसाबीबद्दल काय ठरवायचं ते त्या त्या घरानं आणि त्यांच्या महाराजसाहेबांनी ठरवावं, मी बाहेरची आहे. माझं म्हणणं एवढंच की ठरवायला आधी माहिती हवी, आणि ती 'वसाबी' या एका शब्दाखाली झाकली गेली आहे.

मोहरीची अ‍ॅलर्जी असलेल्यांचंही असंच आहे. युरोपात मोहरी ठळकपणे जाहीर करावी लागणाऱ्या १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांत आहे. आपल्याकडच्या सक्तीच्या यादीत ती नाही. पाकिटाच्या घटकांत ती दिसते, पण ताटलीत पाकीट येत नाही.

म्हणून मेन्यूत 'वसाबी' एवढंच लिहिणं मला बरोबर वाटत नाही. पदार्थ वाईट नाही, घातक नाही, त्यात भेसळीचा हेतूही बहुधा नाही. पण 'हॉर्सरॅडिश-मोहरीची पेस्ट' असं लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं? आमरस हापूसचा नसेल तर आपण हापूसचा म्हणत नाही.

नावाचा घोळ तब्येतीच्या बातम्यांतही होतो. २०२३ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० वर्षांवरच्या ७२ लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवडे रोज वसाबीतल्या एका विशिष्ट द्रव्याचे ०.८ मिलिग्रॅम गोळीतून घेणाऱ्यांची स्मरणशक्ती काही चाचण्यांत सुधारली. अभ्यास लहान होता. पण तो बाजूला ठेवला तरी ते द्रव्य वसाबीतल्या त्या कमी प्रमाणातल्या भावंडांपैकी आहे, मुख्य झणक्याचं तेल नव्हे. हॉर्सरॅडिश आणि मोहरीच्या पेस्टमध्ये त्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. बातमी वाचून सुशीबरोबर हिरवी गोळी जास्त खाल्ली तर नाक तेवढं मोकळं होईल.

एका पर्यायाला दुसरा पर्याय शोधायची वेळ भारतात एकदा आली होती, हेही इथे सांगायला हवं. इंग्रज इथे राहायला आले तेव्हा त्यांना भाजलेल्या मांसाबरोबर त्यांचं हॉर्सरॅडिश हवं होतं आणि आपल्या उन्हात ते येत नव्हतं. त्यांनी शेवग्याचं मूळ किसलं. त्याला तसाच झणका. शेवगाही त्याच मोठ्या गणातला, त्याच्यातही तशीच बांधलेली द्रव्यं आहेत. शेवग्याला इंग्रजीत आजही हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात ते त्यामुळे. मात्र शेवग्याच्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइड आहेत, तेव्हा हा प्रयोग घरी करू नये. शेंगा, पाला, फुलं पुरेत.

जैन ताटलीचा प्रश्न मी ओळखीच्या एका घरी सांगितला. तिथल्या बहेननं विचार केला आणि डब्यातून लोणच्यासाठी आणलेल्या राईच्या कुरिया काढल्या, मोहरीची सालं काढलेली फोडलेली डाळ. मोहरी उत्तर गुजरातेतून, बनासकांठा-मेहसाण्याकडून येते. तीन चमचे कुरिया खलात कुटल्या, गार पाण्याचे दोन चमचे, घोटून वाटी दहा मिनिटं उपडी. मग चिमूटभर मीठ आणि शेवटी लिंबाचे चार थेंब. पिवळसर, थोडी भरड पेस्ट झाली. काकडीच्या रोलला लावली. नाकात चढली, उतरली. रंग घालू का म्हणून तिनं विचारलं, मी नको म्हटलं.

मावशीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "गूळ घातला नाहीत?"